डिस्क टकटकते, पण दिसत नाही

एक्स्टर्नल हार्ड डिस्क संगणकाला जोडली, तिचा दिवा लागला, आत काहीतरी फिरू लागल्याचं बोटांना जाणवलं आणि मग टक्, टक्, टक् असा आवाज सुरू झाला. ठरावीक अंतरानं, एका लयीत. थोडा वेळ टकटकून डिस्क गप्प झाली. स्क्रीनवर काहीच उमटलं नाही. दुकानात सांगायचं तर, 'डिटेक्ट होत नाहीये.' यानंतर घरोघरी जे होतं ते असं: केबल काढून परत लावली जाते, डिस्क जरा हलवून पाहिली जाते, दुसऱ्या लॅपटॉपला लावली जाते, मग भाच्याच्या लॅपटॉपला. प्रत्येक वेळी ती टकटकते. आत खरंच इजा झालेली असेल तर यातली प्रत्येक खेप ती वाढवत असते.

हा आवाज नेमका कशाचा, ते आधी पाहू. डिस्कच्या पेटीत चुंबकीय थर दिलेल्या गुळगुळीत तबकड्या असतात. खिशात मावणाऱ्या बहुतेक डिस्कमध्ये त्या मिनिटाला 5400 वेळा फिरतात. तबकडीवर एक हलका दांडा फिरतो आणि त्याच्या टोकाला डेटा वाचणारं-लिहिणारं हेड असतं. हेड तबकडीला टेकत नाही. फिरणाऱ्या हवेच्या थरावर ते तरंगतं, तेही अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातले मोजके काही भाग एवढंच हे अंतर. डिस्क बंद असते तेव्हा हेड तबकडीच्या कडेबाहेरच्या छोट्या प्लास्टिकच्या उतारावर विसावलेलं असतं.

वीज मिळाली की आधी तबकड्या पूर्ण वेग घेतात, मग हेड उतारावरून तबकडीवर येतं. तिथे कारखान्यातच कोरलेल्या खुणा असतात. आपण कुठल्या वर्तुळावर आहोत हे हेडला त्यांवरून कळतं. त्या वाचता आल्या की डिस्क तबकडीवरच्या एका राखीव भागाकडे जाते. तो आपल्याला कधीच दिसत नाही. डिस्कचा स्वतःचा कारभार तिथे लिहिलेला असतो: कुठले भाग खराब म्हणून वगळले आहेत, कुठला डेटा प्रत्यक्षात कुठल्या जागी आहे, वगैरे. हे वाचून झाल्यावरच डिस्क संगणकाला नीट उत्तर देते की मी अमुक, माझी क्षमता इतकी.

हेड खराब झालं असेल, वाकलं असेल किंवा तबकडीवर ओरखडा असेल, तर खुणाच वाचता येत नाहीत. दांड्याला आपण कुठे आहोत ते कळत नाही. तो शोधत टोकापर्यंत जातो, तिथल्या अडसरावर आपटतो, मागे येतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. आपल्याला ऐकू येणारी टकटक ती हीच. अमुक इतके प्रयत्न फसले की डिस्कचं नियंत्रण सर्किट हार मानून मोटर थांबवतं. म्हणजे टकटकणं आणि संगणकाला न दिसणं ही दोन दुखणी नव्हेत. कारभाराचं पान उघडलंच नाही, तर डिस्क स्वतःची ओळख तरी काय सांगणार?

पण हाच आवाज अगदी धडधाकट डिस्कमधूनही येऊ शकतो, आणि हे फार लोकांना माहीत नसतं. छोटी एक्स्टर्नल डिस्क वेगळा अ‍ॅडॅप्टर न घेता यूएसबीच्या 5 व्होल्टवरच चालते. जुन्या यूएसबी 2.0 पोर्टनं मानकाप्रमाणे 500 मिलिअँपिअर द्यायचे असतात, यूएसबी 3.0 नं 900. थांबलेल्या तबकड्यांना वेग देताना मात्र डिस्क काही क्षण एक अँपिअरच्या आसपास वीज मागते. चांगला पोर्ट आणि आखूड, जाड केबल हे निभावून नेतात. लांब एक्स्टेन्शन, बारीक तारांची स्वस्त केबल, चार उपकरणं लटकलेला हब किंवा डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचा सैल पोर्ट असेल, तर व्होल्टेज खाली बसतं. मग डिस्क काय करते? वीज जातेय असं समजून हेड तातडीनं उतारावर ओढून घेते. त्या घडीला फिरत्या तबकड्यांची मोटरच जनित्रासारखी वापरली जाते आणि तिच्यातून निघणाऱ्या विजेवर हेड सुखरूप परत येतं. ही फार सुंदर योजना आहे, पण तिचाही 'टक्' असा आवाज होतो. व्होल्टेज सावरलं की डिस्क परत सुरू होते, परत उपाशी राहते, परत टक्.

म्हणून पहिलं काम एकच: ही टकटक उपासमारीची की जखमेची हे ठरवायचं, आणि तेही डिस्क कमीत कमी वेळ चालवून.

एक उदाहरण घेऊ. लग्नाचे फोटो काढणारा एक फोटोग्राफर. त्याची 2 टीबीची डिस्क, तिच्यात सरत्या हंगामाची सगळी कामं. ती डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टला, हबमधून, दीड-दोन मीटरच्या केबलनं जोडलेली. सकाळी टकटक सुरू झाली. त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे केबल काढली. दुसरी, स्वतःला विचारलं: ही पडली होती का? टेबलावरून घसरली, चालू असताना धक्का लागला, बॅगेत आपटली? उत्तर 'हो' असतं तर पुढचं काहीच करायचं नव्हतं, डिस्क थेट बाजूला ठेवायची होती. पडलेल्या डिस्कवर केबल बदलण्याचे प्रयोग करायचे नसतात. इथे उत्तर 'नाही' होतं, आणि आदल्या दिवशी त्याच हबला एक नवं कार्ड रीडर आलं होतं.

मग त्यानं एक आखूड, चालते याची खात्री असलेली केबल घेतली. या डिस्कना लागणारं रुंद, दोन खणांचं टोक लवकर सैल होतं आणि नुसत्या त्यामुळेही हा सगळा गोंधळ होऊ शकतो. डिस्क सपाट टेबलावर ठेवून त्यानं केबल संगणकाच्या मागच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टला थेट लावली, मध्ये हब न ठेवता. कान जवळ, बोट अलगद डब्यावर, नजर दिव्यावर. दहा-पंधरा सेकंद, बस.

या सेकंदांत काय ऐकायचं? वीज कमी असेल तर मोटरचा सूर चढतो, मध्येच खचतो आणि परत चढतो. दिवा विझून लागतो, आणि विंडोजचा जोडल्याचा-काढल्याचा आवाज पुन्हा पुन्हा येतो. हेड खराब असेल तर मोटर मात्र स्थिर, एका सुरात फिरत राहते आणि त्या स्थिर सुरावर घड्याळासारखी टकटक चालते. तिसरा एक प्रकार आहे. तबकड्या फिरतच नाहीत, नुसती बारीक गुणगुण किंवा पिप् पिप् ऐकू येतं. त्यात बहुधा हेड तबकडीला चिकटलेलं असतं किंवा मोटर अडलेली असते. तीही जखमच. भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या मोठ्या डिस्कच्या बाबतीत संशय अ‍ॅडॅप्टरवर घ्यावा. त्यावर छापलेले व्होल्ट (बहुधा 12) आणि अँपिअर जुळणारा दुसरा अ‍ॅडॅप्टर मिळाला तर लावून पाहावा. लॅपटॉपचा 19 व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर पिन बसते म्हणून लावला तर बोर्ड जळतो.

फोटोग्राफरची डिस्क मागच्या पोर्टवर नीट फिरली आणि दिसली. इथे सुटकेचा श्वास टाकून ती परत हबला लावण्याचा मोह होतो. त्यानं तसं केलं नाही. ज्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती ते फोल्डर आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवले, बाकीचे नंतर. कॉपी सुरळीत, एकसारख्या वेगानं झाली म्हणजे दोष विजेचाच होता. मध्येच वेग शून्यावर आला असता, एखाद्या फोटोवर अडून पुन्हा टक् ऐकू आलं असतं, तर तिथेच थांबायला हवं होतं.

आता दुसरी बाजू. चांगली केबल, चांगला पोर्ट, तरीही स्थिर सुरावर टकटक. आणखी एकदा दुसऱ्या संगणकावर पाहायचंच असेल तर पाहावं, पण तेवढंच. विंडोज कधी कधी अशी डिस्क अर्धवट ओळखतं. `diskmgmt.msc` उघडलं तर `Unknown`, `Not Initialized` असं दिसतं आणि `Initialize Disk` अशी खिडकी समोर येते. ती `Cancel` करायची. फॉरमॅट करायचं का असा प्रश्न आला तर नाही म्हणायचं. `chkdsk` चालवायचं नाही, कारण ते दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कवर लिहितं आणि दुबळ्या हेडला पूर्ण तबकडीभर पळवतं. डेटा परत आणणारी सॉफ्टवेअरंही इथे कुचकामी. जी डिस्क स्वतःचं नाव सांगू शकत नाही तिच्याकडून सॉफ्टवेअर फाइल कुठून वाचणार?

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला अजून फिरतो. गार डिस्क बाहेर काढली की दमट हवेतलं पाणी तिच्यावर आणि तिच्या आतही धरतं. नॅनोमीटरच्या फटीत पाण्याचा थेंब म्हणजे काय, ते सांगायला नको. डबा उघडून दांडा बोटानं सरकवणं हेही त्याच जातीचं: हवेतला धुळीचा साधा कण त्या फटीच्या कित्येक पट जाड असतो. हिरवा सर्किट बोर्ड दुसऱ्या डिस्कचा लावण्याची युक्ती एकेकाळी चालायची. आज बोर्डावरच्या एका चिपमध्ये त्या विशिष्ट डिस्कची मोजमापं असतात, त्यामुळे नुसती अदलाबदल फळत नाही. आणि प्लास्टिकचं कवच काढून आतली डिस्क थेट संगणकाला जोडावी म्हटलं, तर बऱ्याच छोट्या डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड मूळ बोर्डावरच असतं, जोडायला वेगळं तोंडच नसतं. काहींत तो बोर्ड डेटा सांकेतिक रूपात साठवतो, म्हणून दुसऱ्या वाटेनं वाचलं तरी हाती निरर्थक अक्षरं येतात.

उरतो डेटा रिकव्हरीवाला. तो काय करतो हे माहीत असलं की कुणाकडे जायचं ते ठरवता येतं. खरी प्रयोगशाळा धूळ गाळलेल्या हवेच्या टेबलावर डिस्क उघडते, तबकड्या भिंगाखाली तपासते आणि त्याच मॉडेलच्या, जुळत्या तपशिलांच्या दुसऱ्या डिस्कमधून हेडचा संच काढून हिच्यात बसवते. तशी जोडीची डिस्क मिळवायलाच कधी कधी बरेच दिवस जातात. मग खास यंत्रावर आधी संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढली जाते आणि फाइल त्या प्रतीतून शोधल्या जातात, कारण नवी हेडंही जखमी तबकडीवर किती वेळ टिकतील याचा भरवसा नसतो. तबकडीवर गोल ओरखडा उमटला असेल तर तिथला चुंबकीय थरच खरवडून गेलेला असतो. तो डेटा कुणीच परत आणू शकत नाही. टकटकत्या डिस्कला वारंवार वीज देण्यातला धोका हाच: तुटकं हेड प्रत्येक खेपेला तो ओरखडा रुंद करत जातं.

म्हणून डिस्क देण्यापूर्वी विचारावं: उघडणार कुठे, इथेच की दुसरीकडे पाठवणार? तपासणीचे पैसे वेगळे का? डेटा न निघाल्यास काय आकारणार? पैसे भरण्यापूर्वी निघालेल्या फाइलची यादी दाखवणार का? आणि डिस्क पडली असेल, कुणी आधी उघडली असेल, किती वेळा लावून पाहिली असेल, ते त्याला लपवून न ठेवता सांगावं. यंत्रावर चढवण्यापूर्वी ती आधी उघडून पाहायची का, हे तो त्यावरूनच ठरवतो.

वॉरंटीचं तेवढं वेगळं लक्षात ठेवावं लागतं. कंपनी वॉरंटीत बदली डिस्क देते, आतला डेटा नव्हे. जुनी डिस्क सहसा परत मिळत नाही. आत हवं असलेलं काही असेल, तर डेटा निघेपर्यंत किंवा त्यावर पाणी सोडायचं ठरेपर्यंत वॉरंटीचा अर्ज भरू नये.