रात्री धुवा, सकाळी घाला

सायकलवर तीन आठवडे काढायचे तर आठवडाभराचे कपडे तरी लागणारच, असं पहिल्यांदा निघणारे धरून चालतात. खरं तर तीन दिवस असोत की तीन आठवडे, कपडे तेवढेच लागतात: अंगावर एक जोड, पिशवीत दुसरा, आणि मुक्कामी घालायला एक हलकी पँट व टी-शर्ट. अट एकच, संध्याकाळी धुतलेलं सकाळी वाळलेलं हवं.

इथेच ‘आपल्या हवेला सुतीच बरं’ हा समज आडवा येतो. सावलीत बसणाऱ्याला सुती बरंच. पण कापसाचा धागा पाणी आत शोषून घेतो आणि ते पिळून निघत नाही. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ पीत नाही. ते धाग्यांमधल्या फटींत राहतं आणि पिळलं की बरंचसं निघून जातं. मात्र घामाचा वास पॉलिएस्टरमध्येच जास्त मुरतो, म्हणून ते रोज धुवावंच लागतं. मेरिनो लोकरीला वास कमी येतो, पण ती वाळते सावकाश आणि महागही पडते.

अलिबागहून सागरी मार्गाने गोव्याकडे जाताना गुहागरला संध्याकाळी पोचलात असं समजा. अंघोळीबरोबरच कपडे बादलीत चिमूटभर साबणाने धुवा आणि फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा. सायकलच्या चड्डीच्या पॅडमध्ये साबण राहिला तर दुसऱ्या दिवशी मांड्यांना पुरळ उठते. मग पिळून कोरड्या पंचावर पसरा, दोन्हीची एकत्र गुंडाळी करा आणि तिच्यावर उभे राहा. उरलेलं बरंचसं पाणी पंचा ओढून घेतो. कपडे अंगणात टाकू नका, रात्री दव पडतं. दमट हवेत वाळवतो तो वारा, तेव्हा खोलीत पंख्याखाली टांगा. सायकलची चड्डी उलटी करून पॅड पंख्याकडे ठेवा, कारण शेवटी वाळतं ते पॅडच. सकाळी ते गालाला लावून पाहा. गार लागलं तर ओल आहे. त्या दिवशी दुसरी चड्डी घाला आणि ही सेफ्टी पिनांनी कॅरियरवरच्या सामानाला अडकवून वाळू द्या.

उन्हासाठी पांढरा पातळ टी-शर्ट उत्तम, हा समज जास्त महागात पडतो. पांढरा रंग उष्णता परतवतो, अतिनील किरणं मात्र पातळ विणीतून आत येतात, आणि सुती कापड घामाने भिजलं की आणखी. कपड्यावर ‘यूपीएफ ५०’ लिहिलेलं असेल तर त्यातून या किरणांचा पन्नासावा भागच आत येतो. तसं लेबल नसेल तर कापड उजेडासमोर धरा. आरपार दिसलं तर ते घेऊ नका. हँडलवर वाकल्यावर पाठीवर कापड ताणलं जातं आणि विणीच्या फटी रुंदावतात, त्यामुळे लांब बाह्यांचा, कॉलरचा सदरा थोडा सैलच घ्यावा. हाताचे पंजे दिवसभर सूर्याकडेच असतात. अर्ध्या बोटांचे हातमोजे घातले तरी उघड्या बोटांना सनस्क्रीन लावावं लागतं.