तिसऱ्या वर्षात दडलेला व्याजदर

अमेरिकी सरकारी रोख्यांचा दोन वर्षांचा स्पॉट दर ४ टक्के आणि तीन वर्षांचा ४.५ टक्के आहे असे धरू. १०० डॉलरचे दोन वर्षांत १०८.१६ होतात, तीन वर्षांत ११४.१२. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की १.०५५१ येतात, म्हणजे दोन वर्षांनी सुरू होणाऱ्या वर्षाचा फॉरवर्ड दर सुमारे ५.५१ टक्के. एवढा जास्त का? ४.५ ही तिन्ही वर्षांची सरासरी आहे. पहिली दोन ४ नेच गेली, तर उरलेली कसर तिसऱ्याला भरून काढावी लागते.

घोळ होतो तो दर निवडताना. ट्रेझरी रोज जाहीर करते ते पार दर सहामाही व्याज देणाऱ्या रोख्यांचे असतात. इथे एकरकमी परतफेडीच्या स्ट्रिप्सचे हवेत. आणि ५.५१ हे भाकीत नव्हे. त्यात जोखमीचा मोबदलाही मिसळलेला असतो.