ब्रह्मगिरीची फेरी आणि मधुमेही सभासद



श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी आपल्या भागातून कितीतरी मंडळी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीच्या फेरीला जातात. लहान फेरी म्हटली तरी सुमारे वीस किलोमीटरची पायपीट होते. शिवाय उपवास असतो, आणि पुष्कळजण अनवाणी चालतात. त्यांत मधुमेह असलेलेही आपले सभासद असतात. "चालणं शुगरला चांगलं" असे डॉक्टरच सांगतात, मग फेरीत कसली भीती, असा प्रश्न साहजिक आहे. म्हणून चालताना शरीरात काय घडते ते आम्ही येथे मांडत आहोत.

स्नायू काम करू लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात. एरवी त्यासाठी इन्शुलिन लागते. प्रौढपणी होणाऱ्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या, मधुमेहात हे इन्शुलिन नीट लागू पडत नाही. पण चालता स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता साखर घेतो, म्हणून चालण्याचा फायदा होतो. हा परिणाम चालणे थांबल्यावरही बराच वेळ, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो.

मग रक्तातली साखर संपत कशी नाही? तर यकृत आपल्या साठ्यातून ती पुरवत असते. मात्र इन्शुलिन जास्त असले की यकृत हात आखडता घेते. खरी गोम इथे आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या शरीराला इन्शुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. इन्शुलिनची सुई घेणाऱ्याचेही तेच. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्याला हा धोका फार कमी.

एक उदाहरण घेऊ. समजा एक सभासद अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. पहाटे साखर ११० भरली. नेहमीप्रमाणे ग्लिमेपिराइडची गोळी घेतली, उपवास म्हणून नुसता चहा घेतला आणि फेरीला निघाले. तीन तासांनी हातपाय थरथरू लागले, घाम फुटला, छातीत धडधडले. त्यांना वाटले, चढाचा दम आहे. ते चालतच राहिले. मग बोलणे अडखळू लागले, चिडचिड झाली. ही साखर उतरल्याची खूण. पावसात भिजलेल्या माणसाचा घाम सोबत्यांना दिसत नाही, म्हणून थरथर आणि असंबद्ध बोलणे यांवर नजर ठेवावी.

अशा वेळी तिथेच बसवावे. साखर ७० च्या खाली असेल, किंवा मोजायची सोय नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, बरे नसेल तर पुन्हा तेवढीच द्यावी. बरे वाटल्यावर काहीतरी खायला घालावे, उपवास असला तरी. पुढची फेरी सोडून द्यावी, कारण गोळीचा अंमल बराच वेळ राहतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. कुशीवर निजवावे आणि १०८ ला फोन करावा.

इथे एक गोष्ट साखर कारखान्याच्या सभासदांना नवल वाटेल अशी आहे. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हे औषध मिसळलेले असते, त्यांना आपली साखर लवकर लागू पडत नाही. उसाच्या साखरेचे पोटात विघटन व्हावे लागते, आणि तेच हे औषध रोखते. अशांनी औषधांच्या दुकानात मिळणारी ग्लुकोज पावडर खिशात ठेवावी. आपल्या गोळीच्या पाकिटावरचे नाव आजच वाचून पाहा.

फेरीच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारावे की त्या दिवशी गोळी किंवा इन्शुलिन कमी करायचे की वगळायचे. स्वतःच्या मनाने करू नये. अशी गोळी किंवा सुई चालू असेल आणि निघताना साखर ९० च्या खाली असेल, तर खाल्ल्याशिवाय निघू नये. २५० च्या वर असून मळमळ, उलटी वा ताप असेल, तर घरीच थांबावे. सोबत्याला आपला आजार सांगून ठेवावा. रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा साखर तपासावी, कारण दिवसभराच्या चालीने ती रात्रीही उतरते.

पायांचे मात्र वेगळे. मधुमेहात तळव्याची जाणीव बोथट होते, काटा रुतला तरी कळत नाही. देवाला पायतणाचा राग नाही. मोजे आणि पायाला नीट बसणारे बूट घालावेत, आणि घरी आल्यावर तळवे उजेडात पाहावेत.

शेतात रोज राबणाऱ्यालाही हेच लागू. रोजच्या कामाचा हिशोब गोळीच्या मात्रेत आलेला असतो. धोका असतो तो एकाएकी वाढलेल्या कामाचा, लागणीच्या किंवा बांधणीच्या दिवसांत, न्याहारी चुकवून केलेल्या कामाचा. तेव्हा भाकरी आधी, बांधावर मग.