दहा गुंठ्यांचा फोटो आणि ठिबकची आखणी

आजचा भाग एका फोटोवर आहे. जुन्नर तालुक्यातल्या एका ताईंनी आपल्या भाजीच्या तुकड्याचा फोटो पाठवला आणि विचारलं, "ठिबकच्या नळ्या कुठून कुठं टाकू?" तुम्ही ऐकताय, त्यामुळे फोटो आधी शब्दांत सांगतो. आयताकृती तुकडा, लांबीच्या दिशेनं टोमॅटोचे बेड आणि डाव्या हाताला, जवळच्या कोपऱ्यात विहीर.

आता फोटोत काय दिसत नाही? एक म्हणजे माप. लांबचा बांध फोटोत नेहमी आखूड दिसतो. दुसरं म्हणजे उतार. सपाट वाटणारं रान मीटरभर सहज उतरलेलं असतं. म्हणून ताईंना टेप धरायला सांगितला: लांबी ४० मीटर, रुंदी २५ मीटर, म्हणजे साधारण दहा गुंठे. उतारासाठी गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी लावली. रान लांबीच्या दिशेनं जवळपास समपातळीत, पण रुंदीच्या दिशेनं विहिरीकडे एक मीटर उतरतंय. विहिरीकडच्या बांधाचं गवत फोटोत जास्त हिरवं दिसत होतं, त्याचं कारणही हेच.

मग लॅटरल कुठल्या दिशेनं? सव्वा मीटरवर एक बेड धरला तर लांबीच्या दिशेनं ४० मीटरच्या २० लॅटरल बसतात. आडव्या टाकल्या तर २५ मीटरच्या ३२. गंमत बघा, नळी दोन्हीकडे ८०० मीटरच लागते! पण आडव्या आखणीत सबमेन २५ ऐवजी ४० मीटर लागते आणि जोड २० ऐवजी ३२ होतात. जितके जोड, तितक्या गळतीच्या जागा. शिवाय मुख्य मुद्दा उताराचा. लॅटरल समपातळीत आणि सबमेन उताराच्या दिशेनं, हा साधा नियम. म्हणून लांबीची आखणी घेतली.

आता पाण्याचा हिशेब. इनलाइन नळीत दर ४० सेंटिमीटरला ड्रिपर, म्हणजे एका लॅटरलवर १००. प्रत्येकाचे ताशी २ लिटर, तर एका लॅटरलला २०० आणि वीस लॅटरलना ताशी ४,००० लिटर लागणार. मोटार तेवढं देते का? इथं बरेच जण पाइपाचं तोंड उघडं ठेवून मोजतात आणि आकडा फुगतो. गेज लावा, व्हॉल्व्ह आवळून मोटारीजवळ दीड किलो दाब धरा आणि मग २०० लिटरचा ड्रम भरा. ताईंचा ड्रम चार मिनिटांत भरला. म्हणजे ताशी ३,००० लिटर. हजार लिटरची तूट!

सगळं एकदम चालवलं तर दाब पडतो. दाब कमी असला की एक मीटरचा उतारही जाणवायला लागतो, कारण दहा मीटर उंची म्हणजे एक किलो दाब. एक किलोच्या दाबात एक मीटरचा फरक म्हणजे दहावा हिस्सा. दाब निम्म्यावर आला की तोच फरक पाचवा हिस्सा होतो. खालच्या बेडला चिखल आणि वरचे टोमॅटो दुपारी माना टाकणार.

म्हणून दोन भाग केले. विहिरीपासून मेन पाइप, वाटेत डिस्क फिल्टर, पाइप डावीकडच्या बांधानं साडेबारा मीटर, म्हणजे रुंदीच्या मध्यापर्यंत. तिथं दोन व्हॉल्व्ह: एक वरच्या दहा लॅटरलना, एक खालच्या दहांना. एका वेळी एकच उघडायचा. भागाची गरज ताशी २,००० लिटर, उरलेलं पाणी बायपासनं विहिरीत परत. प्रत्येक भागात उतारही अर्ध्या मीटरवर आला. दोन्ही सबमेनच्या टोकाला फ्लश व्हॉल्व्ह ठेवायचा, कारण गाळ टोकालाच जमतो.

एक मर्यादा सांगतो. मोटार बंद झाली की नळ्यांतलं उरलेलं पाणी त्या भागातल्या सगळ्यात खालच्या लॅटरलमधून झिरपतं. तो बेड कायम ओला दिसला तर घाबरू नका, पण मोटार दिवसात चार-पाचदा थोडी थोडी चालू-बंद करू नका. तेवढ्या वेळा पाणी तिथं उतरतं.

सगळं जोडून झालं की परीक्षा घ्या. वरच्या आणि खालच्या लॅटरलच्या पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकेक वाटी ठेवा, तीन मिनिटं मोजा. प्रत्येकीत १०० मिलिलिटर यायला हवं. शेवटची वाटीच कमी भरली, तर ती लॅटरल टोकाशी उघडून धुवा. सगळ्याच वाट्या कमी भरल्या, तर आधी फिल्टर उघडा, मग गेज बघा.

ताईंनी नळी अजून घेतलेली नाही. आखणी कागदावर आहे तोवर बदल फुकट असतो. तुमच्या तुकड्याचा फोटो पाठवाल तेव्हा लांबी, रुंदी, लेव्हल आणि ड्रम भरायला लागलेली मिनिटं, एवढं सोबत नक्की लिहा.