तांबडं नेमकं कुठं संपतं?

डेंग्यूच्या दिवसांत पेशंटच्या नातेवाइकांचं सगळं लक्ष प्लेटलेटच्या आकड्याकडे लागलेलं असतं. राउंडला आलेले डॉक्टर मात्र तितक्याच काळजीने विचारतात, ‘पीसीव्ही किती आला?’ रक्ताच्या शंभर भागांतले किती भाग तांबड्या पेशींनी व्यापलेत, तो हा आकडा. डेंग्यूच्या काही पेशंटमध्ये रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा बाहेर झिरपतो, पेशी आतच राहतात, रक्त दाट होतं आणि पीसीव्ही चढतो. पेशंटच्या स्वतःच्या मूळ आकड्यापेक्षा तो वीस टक्क्यांनी वाढला, म्हणजे ४० चा ४८ झाला, की ती धोक्याची खूण मानतात. म्हणजे सगळा खेळ सात-आठ अंकांचा. मग एक-दोन अंकांची चूकही महागात पडू शकते.

मोठ्या लॅबमध्ये हा आकडा मशीन देतं. बहुतेक मशीनं पेशी मोजतात, त्यांचा सरासरी आकार ठरवतात आणि दोन्हींच्या गुणाकारातून पीसीव्ही काढतात. लहान लॅबमध्ये मात्र अजूनही एक काचेची बारीक नळी वापरली जाते. तिच्यात हिशेब नाही, जे आहे ते डोळ्यांसमोर दिसतं. आणि डोळ्यांना दिसतं म्हणून ते बिनचूक असतं, असंही नाही.

ही कॅपिलरी नळी साधारण ७५ मिलिमीटर लांब असते, आतून जेमतेम एक मिलिमीटर रुंद. बोटातून रक्त घ्यायचं असेल तर तांबड्या पट्टीची नळी, तिच्या आत हेपॅरिनचा थर असतो. ईडीटीएच्या बाटलीतलं रक्त असेल तर निळ्या पट्टीची साधी नळी. बोट टोचल्यावर पहिला थेंब पुसून टाकतात. बोट पिळून पिळून रक्त काढलं, तर ऊतींमधलं पाणी त्यात मिसळतं आणि पीसीव्ही कमी दिसतो. नळी दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरली की तिचं कोरडं टोक खास चिकणमातीत दाबून बंद करतात. एकाच रक्ताच्या दोन नळ्या भरतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोर ठेवतात, बंद टोक बाहेरच्या रबरी कडेला टेकवून. मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्यांनी पाच मिनिटं फिरवलं की काम झालं.

बूच नीट बसलं नसेल तर फिरताना रक्त गळतं. अशा वेळी बुचाजवळ जमलेल्या तांबड्या पेशीच जास्त जातात आणि आकडा खोटाच कमी येतो. रबराच्या कडेला रक्ताचा डाग दिसला, की ती नळी वाचायची नाही, नवी भरायची.

बाहेर काढलेल्या नळीत तळाशी बुचाला लागून गडद तांबडा स्तंभ असतो, कारण तांबड्या पेशी सगळ्यांत जड. वर पिवळसर, पारदर्शक प्लाझ्मा. दोन्हींच्या मधे करड्या-पांढऱ्या रंगाची एक अरुंद पट्टी, हाच बफी कोट. तिच्यात पांढऱ्या पेशी आणि त्यांच्यावर प्लेटलेट असतात. वाचनपट्टीवर बुचाची वरची कड, म्हणजे तांबड्याची सुरुवात, शून्यावर आणायची आणि प्लाझ्माची वरची कड शंभरावर. मग तांबडं जिथे संपतं तिथे रेघ न्यायची. बफी कोटच्या खाली, वर नव्हे. रक्ताचा स्तंभ ५० मिलिमीटर आणि तांबडा भाग २१ मिलिमीटर असेल, तर पीसीव्ही ४२. बफी कोट अर्धा मिलिमीटर असेल आणि तोही धरला, तर ४३. निरोगी माणसाच्या बाबतीत हा फरक किरकोळ, पण पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या असल्या तर तो बराच मोठा होतो. नळ्या काढल्यावर दहा मिनिटांच्या आत वाचाव्यात. आडव्या पडून राहिल्या तर सीमारेषा तिरपी होते. दोन नळ्यांच्या आकड्यांत दोनपेक्षा जास्त फरक आला, तर पुन्हा पहिल्यापासून.

इथवर हाताच्या सफाईचा भाग. पण सगळं नीट केलं तरी आकडा किंचित जास्तच येतो, कारण तांबड्या पेशी कितीही दाबल्या तरी त्यांच्या मधल्या फटींत थोडा प्लाझ्मा अडकून राहतो. साधारणपणे हा अडकलेला प्लाझ्मा तांबड्या स्तंभाच्या एक ते तीन टक्के भरतो. मघाच्या २१ मिलिमीटरमध्ये दोन टक्के धरले, तर खऱ्या पेशी २०.६ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे ४२ ऐवजी जेमतेम ४१. रोजच्या कामात ही वजाबाकी कुणी करत नाही, आणि सगळेच आकडे त्याच मापाने घेतले असतील तर करायची गरजही नसते.

गोंधळ होतो तो मापं मिसळली की. समजा, गावातल्या लॅबने नळीवर ४२ दिला आणि पेशंटला मोठ्या दवाखान्यात हलवल्यावर तिथल्या मशीनने ४७ दाखवला. वाढ दिसते बारा टक्के. पण तिथे नळी फिरवली असती, तर कदाचित ४८ आला असता, म्हणजे जवळपास चौदा टक्के वाढ. म्हणून डेंग्यूच्या पेशंटचा पीसीव्ही पहिल्यापासून एकाच पद्धतीने पाहावा, आणि पद्धत बदललीच, तर तसं रिपोर्टवर लिहावं. लिहायला हवं ते लिहिलं जात नाही, हे आपल्याकडचं जुनं दुखणं.

काही रक्तांत मात्र हा अडकलेला प्लाझ्मा नेहमीच्या मानाने बराच जास्त असतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या बाजूला आढळणारा सिकलसेल हे त्याचं ठळक उदाहरण. तांबडी पेशी एरवी लवचिक असते, दाबली की शेजारणीला चिकटून बसते. सिकलची ताठ, वाकडी पेशी तशी बसत नाही, फटी उरतात आणि त्यांत प्लाझ्मा राहतो. अशा पेशंटचा पीसीव्ही खऱ्यापेक्षा बरा दिसतो, म्हणजे रक्तक्षय झाकला जातो. हे ओळखायला एक ढोबळ पडताळा आहे. सर्वसाधारण रक्तात हिमोग्लोबिनच्या तिपटीजवळ पीसीव्ही येतो. हिमोग्लोबिन ८ असताना पीसीव्ही २७ आला, तर तिपटीपेक्षा तीन अंक जास्त; इथे थांबून विचार करायला हवा. अर्थात लोहाच्या कमतरतेतही हे गणित बिघडतं, कारण त्या पेशींत मुळात हिमोग्लोबिनच कमी भरलेलं असतं. म्हणून पडताळा चुकला की निदान झालं, असं नव्हे. काच घेऊन पेशी पाहाव्या लागतात. पीसीव्ही पन्नाशीच्या वर असेल, तर नळी आणखी पाच मिनिटं फिरवतात. तांबडा स्तंभ अजून खाली बसला, तर पहिल्या वेळी पेशी पुरत्या दाबल्या गेल्या नव्हत्या.

राहिला बफी कोट. पीसीव्ही मोजताना त्याला बाजूला ठेवायचं, पण त्याच्याकडे पाहायचं मात्र विसरायचं नाही. निरोगी माणसात तो रक्ताच्या स्तंभाच्या एक टक्क्याच्या आसपास असतो, नळीत केसासारखी रेघ. पांढऱ्या कागदासमोर नळी धरली आणि तिथे चार-पाच मिलिमीटरची करडी पट्टी दिसली, तर पांढऱ्या पेशी प्रचंड वाढल्यात हे मोजणीआधीच कळतं. ल्युकेमियात असं दिसू शकतं. जाडीवरून पेशींचा नेमका आकडा सांगता येत नाही आणि त्या पेशी कोणत्या, हेही नाही. त्यासाठी काचेवर रक्त पसरून, रंगवून पाहावंच लागतं.

या पट्टीचा आणखी एक उपयोग हत्तीरोगात होतो. रात्री घेतलेलं रक्त फिरवून नळी तशीच सूक्ष्मदर्शकाखाली आडवी ठेवतात आणि बफी कोट व प्लाझ्मा जिथे भेटतात तिथे भिंग लावतात. मायक्रोफायलेरिया पेशींपेक्षा हलके असल्याने त्याच जागी गोळा होतात आणि जिवंत असतील, तर वळवळताना दिसतात. कोणत्या जातीचे, ते मात्र रंगवलेल्या काचेवरच ठरतं.