धुणं झालं, पण दार उघडेना

फ्रंट लोड मशीनचं धुणं संपलं, शिट्टीही वाजली, पण दार काही उघडत नाही. अशा वेळी जोर लावून हँडल ओढू नका. ते बहुधा प्लास्टिकचंच असतं आणि तुटलं की फुकटचा खर्च मागे लागतो.

पुष्कळ मशीनच्या दारात विजेवर तापणारं कुलूप असतं. मशीन चालू असताना त्यातली धातूची पट्टी तापून वाकते आणि दार अडकवून धरते. धुणं संपल्यावर ती थंड होऊन सरळ व्हायला एक-दोन मिनिटं लागतात. म्हणून आधी पाचेक मिनिटं थांबा. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

तरीही दार हललं नाही, तर काचेतून आत बघा. पाणी दिसतंय? कपडे निथळतायत? मग कुलूप बिघडलेलं नाही, ते आपलं काम चोख करतंय. आत पाणी आहे तोवर ते सुटत नाही, नाहीतर सगळं पाणी फरशीवर आलं असतं. खरी अडचण पाणी बाहेर न जाण्याची आहे. आधी मागचा सांडपाण्याचा पाइप मुडपलाय का ते पाहा. तो ठीक असेल, तर संशय फिल्टरवर.

बटण बंद करून प्लग काढा, नळही बंद करा. गरम पाण्याचं धुणं असेल तर काच हाताला गार लागेपर्यंत थांबा. साठ अंशांचं पाणी हात भाजतं. मशीनच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं. त्यामागे फिल्टरची गोल टोपी आणि बऱ्याच मॉडेलमध्ये बारीक नळी असते. खाली पसरट ताट ठेवून नळीचं बूच काढा. ताट भरलं की बूच लावा, पाणी ओता, पुन्हा सोडा. हे काम कंटाळवाणं आहे, पण घाई केली तर खोली पुसत बसावं लागतं. नळी नसेल तर टोपीच थोडी थोडी सैल करत पाणी काढा.

पाणी संपलं की टोपी पूर्ण काढा. आत नाणं, केसांची पिन, बाळाचा मोजा, धाग्यांचा गोळा असं काहीतरी सापडतंच. फिल्टर धुऊन टोपी घट्ट बसवा, नळ आणि वीज सुरू करून फक्त पाणी काढण्याचा किंवा स्पिनचा कार्यक्रम लावा. तो पुरा झाला की दार नेहमीसारखं सुटतं.

काही मॉडेलमध्ये फिल्टरजवळच एक नारिंगी किंवा लाल दोरी किंवा पट्टी असते. वीज गेली असेल तर ती हळूच खाली ओढून दार उघडता येतं, मात्र प्लग काढून, आणि ड्रम थांबून पाणी पूर्ण काढल्यावरच. दाराच्या फटीत सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर घालू नका, रबर फाटलं की पुढच्या धुण्याला गळती ठरलेली.

पाणी नाही, पट्टीही ओढून पाहिली, तरी दार बंदच? मग कुलूप किंवा दाराचा आकडा तुटला असणार. तिथे मेकॅनिकलाच बोलवा.