डंपरमध्ये नेमका किती माल? गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना 2017 मध्ये आली आणि तलावातला गाळ घनमीटरमध्ये मोजला जाऊ लागला. हिंगोलीत व्यवहाराची बोली मात्र अजून ब्रासचीच आहे. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजेच 2.83 घनमीटर. घोटाळा होतो तो हौद्याच्या मोजमापात.

गैरसमज : ‘तीन ब्रासचा डंपर’ म्हणजे तीन ब्रास माल.
वस्तुस्थिती : नावावर जाऊ नका, टेप लावा, तोही आतून. पत्र्याची जाडी आणि बाहेरच्या पट्ट्या माल धरत नाहीत. समजा आतली लांबी 3.6, रुंदी 2.2 आणि उंची 0.9 मीटर आहे. गुणाकार येतो 7.13 घनमीटर, म्हणजे अडीच ब्रास. पुढच्या बाजूला जॅकसाठी खोका आत आलेला असेल, तर त्याचे घनफळ वजा करा.

गैरसमज : शिगेची उंची हौद्याच्या उंचीत मिळवली की झाले.
वस्तुस्थिती : शीग चारही बाजूंनी उतरती असते, म्हणून ती चौकोनी ठोकळ्यासारखी मोजता येत नाही. डंपरची क्षमता ठरवण्याच्या आयएसओ 6483 या मानकात शिगेचा उतार दोनास एक धरतात, म्हणजे काठापासून दोन मीटर आत गेल्यावर एक मीटर चढ. आपल्या हौद्याची अर्धी रुंदी 1.1 मीटर, म्हणून शीग मधोमध 0.55 मीटर. तिचे घनफळ असे काढतात :

रुंदी × शिगेची उंची × (3 × लांबी − रुंदी) ÷ 6

2.2 × 0.55 × 8.6 ÷ 6 = 1.73 घनमीटर. शिगेसकट एकूण 8.86 घनमीटर, म्हणजे सुमारे 3.1 ब्रास. उंची नुसती मिळवली असती, तर शीगच 4.36 घनमीटर दिसली असती, खऱ्याच्या अडीचपट. ओला गाळ पसरतो आणि त्याची शीग बसकी होते. तेव्हा 0.55 गृहीत न धरता मधली उंची मोजून सूत्रात घाला.

गैरसमज : डंपरमध्ये भरला तेवढाच खड्डा तलावात पडला.
वस्तुस्थिती : खोदलेली माती मोकळी होऊन फुगते. साध्या मातीत ही वाढ साधारण 20 ते 30 टक्के असते. 25 टक्के धरली, तर 8.86 घनमीटर मोकळा माल म्हणजे जागेवरचे 7.09 घनमीटर. डंपर मोजून आलेला आकडा आणि तलावातल्या खोदाईचा आकडा म्हणूनच जुळत नाहीत. दर कोणत्या मापावर आहे, हे आधी विचारा.

गैरसमज : हौद्यात मावले, म्हणजे नेता येते.
वस्तुस्थिती : मोकळा मुरूम घनमीटरला दीड टनाच्या आसपास भरतो. म्हणजे ही शिगोशीग खेप 13 टनांच्या पुढे जाते. नोंदणी पुस्तकातल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करा. उरते तेवढाच भार कायदेशीर.

सौदा ठरवताना आतली तीन मापे, शिगेची उंची आणि ‘मोकळा की जागेवरचा’ या गोष्टी कागदावर लिहून घ्या. पहिल्याच खेपेला टेप दोघांसमोर लावा.